गिटार, दिवस १९: फोटोत सी कॉर्ड आहे, कानाला मात्र अजून अर्धाच

ताईने काढलेला हा फोटो बघून कुणालाही वाटेल की मला गिटार येते. येत नाही, शिकतेय. आज एकोणिसावा दिवस. फोटोतून आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्या क्षणी नेमकं काय वाजलं ते इथे लिहून ठेवते. माझ्यासारखी नवी मंडळी असतील त्यांना उपयोग होईल आणि ज्यांना येतं ते चुका सांगतील.

डाव्या हाताची बोटं सी कॉर्डवर आहेत. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. तिसरी आणि पहिली तार मोकळी. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, वाजवायचीच नाही. बोटं जागेवर आहेत, तरी कॉर्ड साफ नाही. एकेक तार वेगळी छेडली की चोर सापडतो. पाचवी छान वाजली. चौथीही. तिसरी थोडी दबलेली, कारण मधलं बोट तिच्याकडे कललंय. दुसरी झणझणली. पहिली तर नुसती ‘थड’!

पहिल्या तारेचं कारण फोटो मोठा करून बघितलात तर दिसेल. तर्जनीचं पेर आडवं पडलंय आणि बोटाच्या खालच्या मांसल भागाने पहिली तार दाबून धरलीय. बोट शेवटच्या पेरातून वाकवून टोकावर उभं राहिलं की ती लगेच मोकळी होते. त्यासाठी डाव्या हाताची नखं पार कापावी लागतात. नख जरा वाढलं तरी ते आधी लाकडाला टेकतं आणि मग बोट आपोआप आडवं होतं.

दुसऱ्या तारेची झणझण वेगळी आहे. तिथे तर्जनी फ्रेटच्या पट्टीपासून लांब, मागे पडलीय. पट्टीच्या अगदी अलीकडे दाबलं तर थोड्या जोरात तार पट्टीवर घट्ट बसते. मागे दाबलं की जोर दुप्पट लावा, तरी ती नीट बसत नाही आणि पट्टीवर थरथरत राहते. बोट पट्टीच्याच वर गेलं तर आवाज कोंदट होतो. म्हणजे योग्य जागा बोटभरसुद्धा नाही, आणि न बघता तिथे पोचायला १९ दिवस अपुरे आहेत.

फोटोतली आणखी एक चूक: गिटार माझ्याकडे कललीय, कारण बोटं कुठे पडतायत ते मला बघायचं असतं. त्यामुळे डावं मनगट जास्त वाकतं, अंगठा मानेच्या मागून वर सरकतो आणि बोटांना आडवं पडावंच लागतं. गिटार सरळ उभी धरायची, अंगठा मानेच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर, तळहात आणि मान यांच्यात थोडी पोकळी. दिसतं कमी, पण वाजतं बरं.

बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ दिसतायत ना? स्टीलच्या तारा आहेत, दुखतं. घट्टे पडायला काही आठवडे जातात, तोवर सलग तासभर बसण्यापेक्षा सकाळी १५ आणि रात्री १५ मिनिटं. टोकं ओली किंवा मऊ असताना, भांडी घासून झाल्या झाल्या वगैरे, वाजवायचं नाही; कातडी सोलते. दुखण्याचा मोठा भाग गरजेपेक्षा जास्त दाबण्यामुळे असतो. त्यासाठी एक गोष्ट रोज करते: तार छेडत राहायची आणि दाब हळूहळू कमी करायचा, झणझण सुरू झाली की तिथून किंचितच वाढवायचा. तेवढाच दाब लागतो. त्याहून जास्त दाबलं तर तार ताणली जाऊन सूरही चढतो. टोकं दुखणं ठीक, मनगट किंवा कोपर दुखायला लागलं की मात्र गिटार खाली.

सूर लावणं आता जमतं. ट्यूनरच्या स्क्रीनवर जाड तारेपासून E A D G B E. दोन E आहेत, सहावी आणि पहिली, म्हणून कुठली तार छेडतेय आणि कुठली खुंटी फिरवतेय हे आधी बोटाने तपासायचं. एक तार छेडत भलतीच खुंटी पिळत राहिलं तर तार तुटते. काटा पुढे गेला तर तार सूराच्या खाली उतरवून परत वर आणायची. वरून खाली येऊन थांबलं की ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर उतरतो. तारा नव्या असल्या की त्या पहिले काही दिवस ताणत राहतात, तेव्हा प्रत्येक बैठकीआधी ट्यूनिंग. बेसूर गिटारवर कॉर्ड बरोबर धरली तरी चूकच वाटते.

आता हिशोब. ६० सेकंदांत, साफ वाजलेले बदलच मोजायचे:
सी ते ए मायनर: २२
ई मायनर ते सी: १३
सी ते जी: ९

पहिला आकडा मोठा का? सी वरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाहीत. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उठून तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला येते. हे कळेपर्यंत दर वेळी तिन्ही बोटं उचलत होते. नव्या माणसाने याच जोडीने सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

उजवा हात सध्या फक्त खाली, मेट्रोनोम ६० वर, एका कॉर्डला चार ठोके. चौथ्या ठोक्यानंतर लगेच बोटं उचलायची आणि डावा हात पोचला नाही तरी उजवा थांबवायचा नाही, मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील. हे फार कठीण जातंय. बोट चुकलं की हात थबकतो, आणि ठेका गेला की गाणं ओळखूही येत नाही. वर-खाली स्ट्रमिंग, एफ, बार कॉर्ड यातलं काहीच येत नाही. संपूर्ण गाणंही नाही.

येणाऱ्यांना एकच प्रश्न. जी साठी मी मधलं बोट सहाव्या तारेवर, तर्जनी पाचव्यावर आणि अनामिका पहिल्यावर ठेवते. दुसरी पद्धत अशी: अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पाचव्यावर दुसऱ्याला, करंगळी पहिल्यावर तिसऱ्याला. यात सी वरून येताना अनामिका आणि मधलं बोट त्याच आकारात एक तार वर सरकतात, म्हणून बदल सोपा व्हायला हवा. पण माझी करंगळी अजून पोचताना लटपटते. आत्ताच सवय बदलू की आधी ९ चे २० करू? तुम्ही कुठली पद्धत धरलीत आणि का, ते नक्की लिहा.

#पहिलीगिटार #दिवस१९ #सीकॉर्ड #शिकतेय