गड सोन्याचा दिसला (भक्तिगीत, व्हिडिओची संहिता)

चंपाषष्ठीच्या संध्याकाळी आरतीनंतर देवळातल्या पडद्यावर लावण्यासाठी. एकूण ४ मिनिटे ८ सेकंद.

लय: भजनी ठेका, मिनिटाला ६० मात्रा. आठ मात्रांचे एक आवर्तन म्हणजे बरोबर ८ सेकंद. ध्रुवपदाची आणि कडव्यांची प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे, एका मात्रेवर एकच अक्षर. खंडोबाचं गाणं म्हटलं की दिमडी-तुणतुण्याचा जोरच आठवतो. इथे मुद्दाम संथ चाल घेतली आहे, कारण खाली बसलेल्या आजी-आजोबांनी ओळ वाचून सोबत म्हणायची आहे. म्हणून शब्द गाण्याच्या एक मात्रा आधी पडद्यावर यावेत आणि ओळ संपेपर्यंत हलू नयेत. फोटोही आवर्तन पुरं झाल्यावरच बदलावा, मध्ये कधीच नाही.

०:०० ते ०:१६ | नुसती एकतारी आणि टाळ
फोटो: पहाटेचा जेजुरीगड, खालून घेतलेला. शब्द नाहीत.

०:१६ ते ०:४८ | ध्रुवपद, प्रत्येक ओळ दोनदा
गड सोन्याचा दिसला
देव डोळ्यांत बसला
फोटो: पहिल्या ओळीला दीपमाळांची रांग. दुसऱ्या ओळीला देवळासमोरचं पितळी कासव. त्याच्या पाठीवरच्या नक्षीच्या खाचांत भंडार साचलेला दिसतो, तो भाग जवळून घ्यावा.

०:४८ ते ०:५६ | टाळ

०:५६ ते १:२८ | पहिलं कडवं
पायरीला लावू माथा
मुखी मल्हारीची गाथा
बाणाईच्या दारापाशी
घडीभर बसू आता
फोटो: पायरीवर कपाळ टेकवलेली बाई, चेहरा न दिसणारा. मग वर जाणाऱ्या पायऱ्या. तिसऱ्या ओळीला चढणीवरचं बाणाईचं देऊळ यायलाच हवं. देवळाशी ओळ जुळली नाही तर म्हणणाऱ्याचा सूर तुटतो. चौथीला कमानीखाली दम घेत बसलेलं कुटुंब.

१:२८ ते १:४४ | ध्रुवपद एकदा, फोटो तेच
१:४४ ते १:५२ | टाळ

१:५२ ते २:२४ | दुसरं कडवं
सोमवती आली दारी
देव निघे कऱ्हातीरी
पालखीच्या दांडीवर
हळदीच्या येती सरी
फोटो: सोमवती अमावास्येला गडावरून स्नानाला निघालेली पालखी. चौथ्या ओळीचा फोटो सगळा पिवळाच आहे. माणसं, दांडी, आभाळ, काहीही वेगळं काढता येत नाही. तो फोटो स्वच्छ करायला जाऊ नये, त्या दिवशी तिथे असंच दिसतं. मात्र त्यावर पांढरी अक्षरं मुळीच वाचता येत नाहीत, त्यामुळे या कडव्यापुरती गडद तपकिरी अक्षरं ठेवावीत. दसऱ्याला ४२ किलोचा खंडा उचलतानाचा फोटोही आपल्याकडे आहे आणि तो देखणा आहे. पण त्यातला जोर या चालीशी बसत नाही, म्हणून घेतलेला नाही.

२:२४ ते २:४० | ध्रुवपद
२:४० ते २:४८ | टाळ थांबतो, एकतारी एकटी. फोटो: वाघ्याच्या गळ्यातली भंडाराची पिशवी.

२:४८ ते ३:२० | तिसरं कडवं
दिवटीला घालू तेल
वाट घराची दिसेल
तळी उचलू मिळून
देव हाकेला येईल
फोटो: पेटलेली दिवटी आणि शेजारी बुधली. मग आपल्याच देवळातली गेल्या चंपाषष्ठीची तळी. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडार, आणि भोवती धरलेले पाच जणांचे हात. याच फोटोवर दोन आवर्तनं थांबायचं. शेवटच्या दोन्ही ओळी त्याच हातांवर याव्यात. सहा दिवस घट बसतात, उपास होतात, ते या क्षणासाठी.

३:२० ते ३:३६ | ध्रुवपद, सगळ्यांनी मिळून
फोटो: वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य. मग म्हाळसेसह देवाची मूर्ती, पूजा बांधलेली.

३:३६ ते ४:०० | गजर, तीन वेळा, प्रत्येकी एक आवर्तन
येळकोट येळकोट
जय मल्हार
पहिला गजर फक्त गायकाचा, दुसऱ्याला झांजा, तिसऱ्याला आवाज पूर्ण मोकळा. इथेही लय वाढवायची नाही. उत्साहात हात चालतात, पण पडद्यावरची अक्षरं ६० वरच बांधलेली आहेत. फोटो: भंडार उधळलेला क्षण, तिन्ही गजरांना एकच.

४:०० ते ४:०८ | शेवटची पाटी, काळ्यावर पिवळी अक्षरं
सदानंदाचा येळकोट
फोटो दिले त्या सर्व भक्तांचे आभार. आता तळी भरायची आहे, सर्वांनी गाभाऱ्यासमोर यावे.