`&` वापरून सम संख्या आणि दोनचे घात ओळखणे

१३ ही संख्या बायनरीत `1101` अशी लिहितात, म्हणजे ८ + ४ + ० + १. उजवीकडच्या टोकाच्या स्थानाची किंमत १, बाकीच्यांची २, ४, ८, १६... या सगळ्या सम. म्हणून संख्या सम की विषम, हे एकटा शेवटचा बिट ठरवतो.

तो बिट वेगळा काढायला `&` लागतो. दोन्हीकडे १ असेल तरच उत्तर १, नाहीतर ०.

```
  1101   (13)
& 0001   (1)
  ----
  0001   -> विषम
```

१२ म्हणजे `1100`. तिथे उत्तर ० येतं, म्हणून सम. सी भाषेत:

```c
if ((n & 1) == 0) puts("सम");
```

आतला कंस गाळू नका. सीमध्ये `==` चा क्रम `&` च्या आधी लागतो, त्यामुळे `n & 1 == 0` चा अर्थ `n & (1 == 0)` होतो आणि उत्तर कायम ० येतं. पायथनमध्ये क्रम उलटा आहे, पण तिथेही कंस दिलेला बरा.

वेगासाठी `% 2` सोडून हे वापरा, असं सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. आजचे कंपायलर तो बदल स्वतःच करतात. खरा फायदा ऋण संख्यांत आहे. सीमध्ये `-3 % 2` चं उत्तर -1 येतं, म्हणून `n % 2 == 1` ही विषमतेची चाचणी फसते. टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये -3 चाही शेवटचा बिट १ असल्याने `n & 1` बरोबर चालतं.

आता दोनचे घात. १, २, ४, ८, १६: यांच्या बायनरी रूपात १ हा अंक एकदाच येतो. अशा संख्येतून १ वजा करताना उसना घेत घेत थेट त्या एकमेव १ पर्यंत जावं लागतं. तो ० होतो आणि त्याच्या उजवीकडचे सगळे ० बदलून १ होतात. मग दोन्ही संख्यांत एकाही जागी १ समोरासमोर येत नाही.

```
  10000   (16)        1100   (12)
& 01111   (15)      & 1011   (11)
  -----               ----
  00000               1000
```

१२ मध्ये उसना `1100` मधल्या उजव्या १ पाशीच मिळाला, डावा १ जागेवर राहिला. थोडक्यात, `n & (n - 1)` सर्वांत उजवीकडचा एक १ पुसतं. पुसल्यावर काहीच उरलं नाही, तर संख्या दोनचा घात. अपवाद शून्याचा: तिथे पुसायलाच काही नसतं, तरी उत्तर ० येतं. म्हणून ती अट वेगळी लिहायची:

```c
bool is_pow2(unsigned n) {
    return n != 0 && (n & (n - 1)) == 0;
}
```

`unsigned` मुद्दाम घेतलं आहे. साध्या `int` मध्ये `INT_MIN` मधून १ वजा केला की ओव्हरफ्लो होतो, आणि सीच्या नियमांत त्याचं वर्तन ठरलेलं नाही.

जावाच्या `HashMap` मध्ये टेबलाचा आकार नेहमी दोनचा घात ठेवतात, तो याच गुणासाठी. आकार १६ असेल तर `(16 - 1) & hash` हॅशचे शेवटचे चार बिट देतं, आणि भागाकार न करता ० ते १५ मधला खण मिळतो.