विकतचे रिव्ह्यू आणि 'त्यांच्यापेक्षा आमचं भारी'

अगं नेहा, तो एजन्सीवाला तुझ्या मसाल्यासाठी ५० विकतच्या रिव्ह्यूंचं पॅकेज देतोय ना, त्याला सरळ नाही म्हण. सगळेच करतात हे खरंय, पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय की विकणाऱ्याने स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायचा नाही. आणि नियम बाजूला ठेव, मला हा प्रकार मनापासून वाईट वाटतो, कारण जाहिरात बघताना माणसाला माहीत असतं की हा आपला माल विकतोय, तो दोन पावलं मागे राहून ऐकतो, पण रिव्ह्यू वाचताना त्याला वाटतं आपल्यासारखंच कुणीतरी बोलतंय. आईसाठी मी गेल्या वर्षी मिक्सर घेतला, साडेचार स्टार बघून, तर खोक्यात चिठ्ठी होती, '५ स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १०० रुपये मिळवा'. मिक्सर तीन महिन्यांत जळला. मग मी ते रिव्ह्यू परत नीट वाचले तर निम्मे एकाच आठवड्यातले.

तू जाहिरातीत दुसऱ्या मसाल्याशी तुलना करायचं म्हणतेयस, त्याचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्याचं नाव घेऊन तुलना करायला आपल्याकडे बंदी नाहीये. पण २०१० मध्ये रिनने टाइडचं पाकीट चक्क टीव्हीवर दाखवून त्याला कमी लेखलं होतं, प्रकरण कोलकात्याच्या हायकोर्टात गेलं आणि ती जाहिरात थांबवावी लागली. आपलं चांगलं म्हण, पण समोरच्याला बदनाम करू नकोस, साधारण एवढीच रेघ आहे. मला तुलना उलट बरी वाटते, कारण ज्याच्यावर टीका झाली तो गप्प बसत नाही, पुरावा मागतो. तुझ्या मसाल्यात मिरचीचं प्रमाण जास्त आहे म्हणायचंय? दोन्ही पाकिटं एकाच लॅबला दे, रिपोर्ट जपून ठेव, मग बिनधास्त म्हण.

खोट्या रिव्ह्यूत असा भांडायला येणारा कुणीच नसतो, आणि इथेच सेल्फ रेग्युलेशन, म्हणजे धंद्यातल्यांनीच स्वतःवर ठेवलेला लगाम, कमी पडतं असं माझं ठाम मत आहे. मुंबईची ॲस्की, १९८५ पासूनची, जाहिरातवाल्यांनीच उभी केलेली संस्था, जाहिरातीबद्दल तक्रार आली की तपासते आणि जाहिरात बदला किंवा काढा सांगते, दंड नाही करू शकत. टीव्हीवर तिचं वजन आहे कारण १९९४ च्या केबल नियमांनी तिची संहिता पाळणं बंधनकारक केलंय. म्हणजे मागे कायदा उभा आहे म्हणून ते चालतं! रिव्ह्यूंसाठी बीआयएसने, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये मानक काढलं, आयएस १९०००, पण ते ऐच्छिक, ज्याचा धंदाच खोट्यावर चालतो तो कशाला पाळेल? ते सक्तीचं व्हायला हवं. फसव्या जाहिरातीला ग्राहक प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, परत केलं तर ५० लाख, तसा धाक इथेही दिसायला हवा.

तू तुझ्या मसाल्याच्या पाकिटात साधी चिठ्ठी टाक, 'कसा वाटला ते लिहा', पैसे-बिसे काही नको, आणि कुणी 'फार तिखट आहे' लिहिलं तरी ते काढू नकोस.