आण्णांच्या निधनानंतर सुरेशदादांना

(सोमवारी रात्री मोबाइलवर पाठवलेला निरोप)

सुरेशदादा, आण्णा गेल्याचं आत्ताच यार्डातून कळलं. फार वाईट वाटलं. घरात माणसांची ये-जा असेल म्हणून फोन करत नाही. उत्तर देण्याची गरज नाही. काकूंकडे लक्ष द्या, आणि स्वतः दोन घास खाऊन घ्या. सविस्तर पत्र पाठवते. – मंगल, लालबाग

(त्यानंतर कुरिअरने पाठवलेलं पत्र)

लालबाग, मुंबई
२७ मार्च २०२५

सुरेशदादा यांस,
सप्रेम नमस्कार.

आण्णांच्या जाण्याने तुमच्या घरावर आलेल्या दुःखात मी, दिनेश आणि आमच्या दुकानातली सगळी मंडळी सहभागी आहोत. रक्षाविसर्जनाला पोहोचता आलं नाही, याची रुखरुख आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच सकाळी ठरलेलं होतं. तिला मात्र आण्णांची बातमी मी काल दुपारी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगलीहून पत्र आलं की आधी ते आण्णांचंच असायचं."

आमची तुमच्याशी ओळख हळदीच्या व्यवहारातली. पण बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा एकटी सांगलीला आले, तेव्हा आण्णा नसते तर त्या ओळखीचं पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही. सौद्याला उभी राहिले तर जो तो विचारत होता, सोबत कोण आलंय. आण्णांनी मला वखारीत नेलं, चहा मागवला आणि समोर दोन पोत्यांतली हळकुंडं ओतली. मी रंग बघायला लागले, तर म्हणाले, "रंग पॉलिश करून बी येतोय पोरी. बघू नगंस, मोड आणि ऐक." एक कडकन तुटलं. दुसरं तुटायच्या आधी जरासं वाकलं. "ह्यात पाणी हाय. भाव कमी लागंल, आणि पावसाळ्यात तुझ्या डब्यात जाळी धरंल. कुठलं घेतीस?" ज्या ढिगातला माल त्यांना त्या दिवशी विकायचा होता, तो दुसरा होता. हे मला नंतर तुमच्या हमालांकडून कळलं.

आमच्याकडे आता नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला पहिल्या दिवशी हळकुंड मोडायला लावते. कोणी शिकवलं ते सांगूनच.

२००५ च्या पुराची गोष्ट बाबा नेहमी सांगायचे. कृष्णेचं पाणी चढलं, हरिपूरच्या पेवांत शिरलं आणि कित्येकांची हळद जमिनीतल्या जमिनीत भिजली. आमच्या नावाने ठेवलेला मालही त्यात होता. वाळवून, पॉलिश मारून तो पुढे सरकवता आला असता. मुंबईत बसून बाबांना काय कळणार होतं! आण्णांनी स्वतः फोन केला. "माल गेला. तुमची उचल परत करतो, जरा सवड द्या," एवढंच. पैसे दिवाळीच्या आत आले. स्वतःचं किती बुडालं, ते बाबांनी विचारूनही त्यांनी सांगितलं नाही. ते तुम्हालाच ठाऊक असेल. त्यानंतर बाबांनी हळदीसाठी दुसऱ्या अडतीकडे कधी चौकशी केली नाही. मीही केली नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण आण्णांनी ती तुम्हाला सांगितली असेल असं वाटत नाही. गेल्या वर्षी एका गाडीच्या मालाबद्दल मला शंका होती म्हणून मी मुद्दाम त्यांना फोन लावला. तुम्ही पाठवलेला नमुना त्यांनी स्वतः बघावा, असा माझा हट्ट. ते हसले. म्हणाले, "आता माझा नुसता हात चालतोय, डोळा सुरेशचा. त्यानं पास केलं म्हंजे मी केलं." आणि वर, "त्याला सांगू नगंस, भाव वाढवून मागंल." तेव्हा मी खरंच नाही सांगितलं. वखारीतल्या आरडाओरड्यात तुमच्या वाट्याला त्यांचा आवाजच जास्त आला, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून आज लिहिते आहे.

शेवटचे काही महिने मिरजेच्या फेऱ्या, दवाखाना आणि इकडे सीझन, असं सगळं तुम्ही आणि वहिनींनी कसं निभावलं असेल, याची कल्पना करता येते. आमच्याकडचं एकही पोतं त्या काळात उशिरा आलं नाही. ते यायला हवं होतं, दादा. आम्ही थांबलो असतो.

तेवढ्यावरून कामाचं फक्त एकदाच लिहिते. सौद्यांचे दिवस आहेत, आणि इथे उन्हाळ्याचे मसाले करून घ्यायला बायकांची रांग लागलीय, डंख दिवसभर बंद होत नाहीत. तरीही आमच्या ऑर्डरची काळजी करू नका. हातातला माल एप्रिलअखेरपर्यंत पुरतो. त्यापुढेही लागलं तर तुमच्या मुनीमजींना मी विचारीन, तुम्हाला नाही. मागच्या दोन बिलांचे पैसे आज बँकेतून पाठवले आहेत. मुदत अजून होती, पण अशा वेळी घरातून पैसा कसा जातो ते बाबांच्या वेळी आम्ही पाहिलं आहे. पोच नंतर सवडीने मिळाली तरी चालेल.

रविवारी पाडवा. यंदा तुमच्याकडे गुढी नाही, वखारीतली पूजाही नाही. दरवर्षी आण्णांचा पाडव्याला फोन यायचा, "नवीन वर्षाचा पहिला सौदा तुझ्या नावानं टाकलाय," म्हणून. तो यायचा नाही हे माहीत असूनही सकाळी फोनकडे लक्ष जाईल.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी फोनवर बोलायचं धाडस मला झालं नाही. दुकानावर आलेल्या प्रत्येकाला आधी घरी जेवायला पाठवायचं, हा आण्णांचा हुकूम असला तरी रांधायचं काम त्यांचं होतं. त्यांच्या हातचं खाल्लेल्या आम्हा मुंबईकरांची संख्या मोठी आहे. प्रत्यक्ष आल्यावर त्यांच्याजवळ बसेन. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

आण्णांच्या आत्म्यास शांती लाभो, ही प्रार्थना.

मी आणि दिनेश मंगळवारी रात्रीच्या महालक्ष्मीने निघतो, बुधवारी सकाळी दहाव्याला पोहोचू. स्टेशनवर कोणाला पाठवू नका, राहण्याची सोयही नको, रात्रीच्याच गाडीने परतणार आहोत. दहाव्याची जागा किंवा वेळ बदलली तर मुनीमजींना दिनेशच्या फोनवर कळवायला सांगा.

तुमची,
मंगल