तन्वीला उत्तर: कॉम्प्युटर घेऊ की केमिस्ट्री?

तन्वी बाय,

तुझा मेसेज सावकाश वाचला. प्रश्न बरेच विचारलेस, पण पोटातली भीती एकच दिसते: चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून बाहेर पडेपर्यंत ते काम एआयच करत असेल तर? बाबा म्हणतात कॉम्प्युटरच घे. दादा म्हणतो चुकूनही घेऊ नकोस. आणि तुझं मन केमिस्ट्रीत अडकलंय, ते तू शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंस.

आधी बाबांचं बोलतो. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग परत सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. तेव्हा तू लहान होतीस, पण अंगणात उभा राहिलेला ट्रक आणि बँकेचा हप्ता तुला आठवत असेलच. डिचोली-सत्तरीत घरोघरी तेच होतं. त्यामुळे बाबांना तुझ्यासाठी खात्रीचं काहीतरी हवंय, यात त्यांचं काय चुकलं? फक्त एवढंच, की खाणीही त्या काळी खात्रीच्याच वाटत होत्या. सगळा गाव ज्या धंद्याकडे पळतो, तो धंदा पळतो म्हणूनच टिकेल असं नसतं. कॉम्प्युटरलाही हे लागू आहे, आणि उद्या सगळे ज्याच्या मागे लागतील त्यालाही.

आता दादा. ‘कोडिंग संपलं’ ही हाकाटी नवी नाही. १९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली. त्या काळी अशा सोयीला ‘ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग’ म्हणायचे, कारण माणसाने हाताने यंत्राच्या भाषेत लिहायचं काम आता यंत्रच करणार होतं. प्रोग्रॅमर कमी झाले नाहीत, उलट वाढत गेले. दुसरी गोष्ट डॉक्टरांची. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणं थांबवा, पाच-दहा वर्षांत यंत्रच त्यांच्यापेक्षा बरं एक्स-रे आणि स्कॅन वाचेल. हिंटन म्हणजे न्यूरल नेटवर्कमधलं मोठं नाव, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. तरीही रेडिओलॉजिस्ट आजही लागतातच.

पण यावरून ‘काही होत नाही गं’ असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात नव्या पोरांना सुरुवातीला छोटी कामं द्यायचो: एखादा फॉर्म बनव, टेस्ट लिही, किरकोळ बग काढ. त्यातूनच ती तयार व्हायची. आता असली कामं अनुभवी माणूस एआयकडून दुपारभरात करून घेतो. नवी भरती कमी झालीय आणि आलेल्याकडून पहिल्याच वर्षी जास्त अपेक्षा असते. पहिल्या नोकरीची पायरी उंच झालीय, हे तुला माहीत असलेलं बरं.

मग माणसाला उरतं काय? तुझ्या आईच्या रात्रपाळीचंच घे. पाळीचे तास मोजायचा प्रोग्रॅम:

```python
def taas(aat, baher):
    return baher - aat

print(taas(22, 6))
```

रात्री दहाला आत, सकाळी सहाला बाहेर. उत्तर येतं `-16`. एआयला सांगितलंस तर दुसरी ओळ लगेच `return (baher - aat) % 24` अशी करून देईल, आणि उत्तर बरोबर ८ येईल. झालं? आईला विचार. बदली नर्स आलीच नाही म्हणून एखादी सकाळी आठला आत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटली, तर हाच प्रोग्रॅम म्हणेल शून्य तास! चोवीस तास राबून पगारात शून्य. कोडमध्ये कुठेही लाल अक्षर येणार नाही, सगळं सुरळीत चाललेलं दिसेल. नुसती वेळ पुरत नाही, तारीखही घ्यायला हवी, हे ज्याला सुचतं त्याला कॉम्प्युटरवाला म्हणायचं. सुचण्यासाठी दोन गोष्टी लागतात: प्रोग्रॅम आत कसा चालतो याची पक्की समज, आणि दवाखान्यात खरोखर काय घडतं याची चौकशी करायची खोड.

ही खोड तुला आहे का, ते तूच बघ. सुट्टीत पायथनमध्ये घरचंच काहीतरी लिही, बाबांच्या डिझेलचा हिशेब म्हण हवं तर. पहिले काही दिवस एआयला अजिबात विचारू नकोस. अडशील, चिडशील. चिडूनही रात्री परत त्याच ओळीकडे वळावंसं वाटलं तर कॉम्प्युटर घे, बिनधास्त. ‘एकदाचं सुटलं बाई’ एवढंच वाटलं, तर चार वर्षं तेच सोसण्यात काय अर्थ आहे?

कॉम्प्युटर घेतलंस तर एक ऐक. ‘एआय आणि डेटा सायन्स’ अशा नव्या पाटीच्या शाखेला भुलू नकोस, आधी सिलॅबस उघडून बघ. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आणि भरपूर गणित नीट असेल तर पाटी काहीही असो. ते पातळ करून टूल्सच शिकवत असतील तर नको. ती टूल्स तू पास होईपर्यंत बदललेली असतील. फर्मागुढीच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, तर मी ते घेईन. बाहेरच्या खाजगी कॉलेजात फक्त शाखेच्या नावासाठी मोठं कर्ज काढायला माझा साफ विरोध आहे. हप्ता काय असतो, ते तुमच्या घरात कुणी शिकवायला नको.

आणि केमिस्ट्री. तू लिहिलंस, ‘ती आवडते, पण स्कोप नाही ना?’ कोण म्हणतं? वेर्ण्याला, पिळर्णेला औषधांचे कारखाने आहेत, पणजीत सरकारी फार्मसी कॉलेज आहे. गोव्यात राहून या विषयावर पोट भरणारी माणसं तुझ्या आजूबाजूलाच आहेत, त्यांना गाठून विचार. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बघ: प्रथिनांचे आकार एआयने ओळखल्याबद्दल आणि संगणकाच्या मदतीने नवी प्रथिने घडवल्याबद्दल ते तिघांना मिळालं. त्यातले जॉन जम्पर फिजिक्स-गणित शिकून थिऑरेटिकल केमिस्ट्रीत पीएचडी झालेले. डेव्हिड बेकर बायोकेमिस्ट. डेमिस हसाबिस तेवढे कॉम्प्युटर सायन्सचे, पण पीएचडी मेंदूविज्ञानात. म्हणजे कोडिंग येणारा केमिस्ट हा काही अडगळीतला प्राणी नव्हे. बी.फार्म किंवा केमिस्ट्रीत बी.एस्सी. करताना पायथन आणि स्टॅटिस्टिक्स बाजूने शिकता येतं. उलट, कॉम्प्युटर करता करता प्रयोगशाळेतला हात बाजूने कमावणं कठीण.

माझा कौल विचारलास, तर तुझ्या मेसेजवरून तरी तो केमिस्ट्रीकडे झुकतो. कॉम्प्युटरबद्दल तू फक्त नोकरीचं लिहिलंस, आणि टायट्रेशनमध्ये रंग नेमका कुठल्या थेंबाला बदलला यावर अख्खा परिच्छेद. पण वरचा सुट्टीतला प्रयोग केल्याशिवाय ठरवू नकोस. दोन्हीकडचे फॉर्म मात्र भरून ठेव, तारखा चुकवू नकोस.

दादाला सांग, व्हिडिओ पाठवायचे बंद कर. बाबांशी मी बोलतो. चवथीला येतोय, तोवर डिझेलचा हिशेब तयार ठेव. चालत नसेल तरी दाखव.

तुझा,
मामा