दुखवट्यानिमित्त नम्र निवेदन

सप्रेम नमस्कार,

आमच्या घरी दुखवटा असल्याने येत्या नववर्षाची शुभेच्छापत्रे आम्ही पाठवणार नाही. कृपया राग मानू नये.

माझ्या सासूबाई फुमिको १९ सप्टेंबर रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, मात्सुमोतोच्या राहत्या घरी निवर्तल्या. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी घरच्या माणसांतच केला, त्यामुळे तुम्हाला वेळेवर कळवता आले नाही. ४९ दिवसांचा विधी २ नोव्हेंबरला पार पडला. हयातीत तुम्ही त्यांना जो लोभ दिलात त्याबद्दल आम्ही सर्व ऋणी आहोत. फुले, उदबत्त्या किंवा पैशांचे पाकीट मात्र कृपया पाठवू नये.

छापील मजकूर खरे तर इथेच संपतो. जपानी मंडळींना धाडलेल्या कार्डावर एवढेच आहे, एकही स्वल्पविराम न देता, रीतीप्रमाणे. तुम्हाला दोन ओळी जास्त लिहिते, कारण दर १ जानेवारीला तुमच्याकडे यायचे ते बटाट्याच्या ठशाचे कार्ड सासूबाईंच्या हातचे असायचे. यंदाच्या सापाची शेपटी आखूड होती, आठवतेय ना? बटाटा लहान निघाला होता. त्यांनी दुसरा न घेता प्रत्येक कार्डावर शेपटीपुढे बारीक अक्षरात ‘बटाटा संपला’ असे लिहून टाकले. २०२६ घोड्याचे वर्ष. मुले घोडा कोरायला टपूनच बसली होती, त्यांना म्हटले, यंदा राहू दे.

घरी दिवाळीही केली नाही. निशि-कासाईच्या मैत्रिणींनी आपल्याकडच्या रीतीने चकल्या-करंज्यांचे डबे पोहोचवले. रिकामे डबे लवकरच परत करते. नवीन वर्षाला दारावर शिमेनावाची सजावट नसेल, कागामी-मोचीही मांडणार नाही. ३१ तारखेचे सोबा मात्र खाऊ, त्याला आडकाठी नाही. आणि मुलांनो, तुमच्या पैशांची काळजी नको! पाकीट साधे असेल, आत खाऊचे पैसे नेहमीइतकेच.

तुम्ही कार्डे विकत घेऊन पत्ते लिहायला बसण्याआधी हे हाती पडावे म्हणून नोव्हेंबरातच टाकतो आहोत. एखादे कार्ड आधीच पेटीत पडले असेल तर वाईट वाटून घेऊ नका, आम्ही आनंदानेच वाचू. ७ जानेवारी उलटली की थंडीतली ख्यालीखुशाली विचारणारे पत्र आमच्याकडून येईल. तुम्हीही त्यानंतर जरूर लिहा.

थंडी वाढते आहे, प्रकृतीला जपा. पुढील वर्षीही असाच लोभ असावा.

नोव्हेंबर २०२५ (रेइवा ७)
मात्सुमोतो, नागानो

आपली,
वैशाली
केन्इचि आणि मुले