वार्षिक कामगिरी शेरे: संतोष, टोकन क्र. 214, पॉवर प्रेस ऑपरेटर

विभाग: प्रेस शॉप, भोसरी
कालावधी: एप्रिल 2024 ते मार्च 2025
मशीन: 100 टन मेकॅनिकल प्रेस

उत्पादन: 5 पैकी 4

शिफ्टला 2,400 ब्रॅकेटचं टार्गेट, वर्षाची सरासरी 2,352. म्हणजे 98 टक्के. राहिलेले दोन टक्के संतोष यांच्या हाताच्या वेगामुळे गेलेले नाहीत. दर दोनशे नगांनंतर ते थांबून बर बघतात, त्यात हा वेळ जातो आणि तो जायलाच हवा. रिजेक्शन 0.4 टक्के आहे, लाइनवर सगळ्यात कमी. डाय बदलायला पूर्वी 45 मिनिटं लागत, आता 32 लागतात, कारण पुढच्या डायचे क्लॅम्प, बोल्ट आणि पॅकिंग ते आधीच ट्रॉलीवर लावून ठेवतात. ही सवय त्यांना कुणी लावलेली नाही.

10 जुलैच्या शिफ्टमध्ये सुमारे 1,170 नग कमी निघाले. ते या सरासरीत धरलेले नाहीत. कारण खाली दिलं आहे.

सुरक्षितता: 5 पैकी 4

10 जुलैला पहिल्या पाळीच्या सुरुवातीला संतोष यांनी नेहमीप्रमाणे लाइट कर्टनमध्ये टेस्ट रॉड घालून पाहिला. रॅम थांबला, पण थोडा खाली सरकून थांबला. दिवा लागला होता, मशीन बंद झालं होतं; घाईतल्या माणसाने चेकलिस्टवर 'ओके' लिहून काम सुरू केलं असतं. त्यांनी तीनदा पुन्हा पाहिलं, प्रेस बंद केला, लाल टॅग लावला आणि मेंटेनन्सला बोलावलं. क्लच-ब्रेकच्या लायनिंगला तेल लागलेलं निघालं. प्रेस 3 तास 40 मिनिटं बंद राहिला. गाडी भरायची होती, त्यामुळे त्या दिवशी त्यांना शॉपमध्ये बोलणी ऐकावी लागली. त्यात मीही होतो. ती माझी चूक होती आणि ती मी इथे लेखी नोंदवतो. त्या दिवशी प्रेस तसाच चालू राहिला असता, तर कुणाची तरी बोटं गेली असती.

इअरप्लग, सेफ्टी शूज, हातमोजे याबद्दल वर्षभरात एकदाही सांगावं लागलं नाही. दोन्ही हातांच्या बटणांपैकी एक दाबून धरायला काहीतरी अडकवण्याचा प्रकार त्यांच्या मशीनवर कधी दिसला नाही.

पाचपैकी पाच न देण्याचं कारण 30 नोव्हेंबर. महिनाअखेर होती, डायमध्ये नग अडकला आणि त्यांनी सेफ्टी ब्लॉक न लावता हात घालून तो काढला. मी समोरून पाहिलं. विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं, सबब सांगितली नाही. त्यानंतर असं पुन्हा दिसलेलं नाही. तरीही अनुभवी ऑपरेटरने हे केलं की शेजारच्या मशीनवरची मुलं तेच शिकतात, म्हणून हा एक गुण कापला आहे.

हजेरी: 5 पैकी 3

कामाचे दिवस 303, हजर 284. गैरहजेरी 19 दिवस. त्यातले 14 दिवस मंजूर रजेचे. आषाढीच्या रजेचा अर्ज तर महिनाभर आधी दिलेला होता आणि बदली ऑपरेटरला काम नीट समजावून दिलेलं होतं. या रजांबद्दल काहीही तक्रार नाही.

प्रश्न उरलेल्या पाच दिवसांचा आहे. फोन नाही, निरोप नाही. त्यातले चार शुक्रवार, म्हणजे गुरुवारच्या सुट्टीनंतरची पहिली पाळी. संतोष सुट्टीला वडिलांकडे, जुन्नरकडच्या गावी जातात आणि पहाटेची एसटी चुकली की पाळी चुकते. अडचण खरी आहे. पण सात वाजता मशीन मोकळं दिसलं की मला मिळेल तो माणूस उभा करावा लागतो. त्या चार शुक्रवारांपैकी दोनदा तिथे अवघा दोन महिन्यांचा नवा मुलगा होता. रॅमचा तो किंचितसा घसरा त्याला कळला असता असं मला वाटत नाही. म्हणून मी ही हजेरी सुरक्षिततेचाच भाग मानतो आणि संतोष यांनीही तशीच मानावी.

समोरासमोर बोलून ठरलेलं

गावी जायचं असेल त्या आठवड्यात बुधवारपर्यंत सांगायचं; शुक्रवारी त्यांना दुसरी पाळी दिली जाईल, ही जबाबदारी माझी. अचानक अडचण आली तर पाळीच्या आधी निदान दोन तास विभागाच्या फोनवर कळवायचं. जूनअखेर हजेरी पुन्हा पाहू.

शिफारस

वेतनवाढ पूर्ण द्यावी. डाय सेटरच्या प्रशिक्षणासाठी यंदा पहिलं नाव त्यांचं घ्यावं. नव्या मुलांना लाइट कर्टनची तपासणी त्यांनीच शिकवावी; ते तयार आहेत, त्यासाठी रोज अर्धा तास टार्गेटमधून सोडावा.

कामगाराचं म्हणणं

"शेरे वाचून दाखवले, मान्य आहेत. शुक्रवारची पाळी बदलून मिळाली तर खाडा होणार नाही. सेफ्टी ब्लॉक मशीनपासून लांब ठेवलेला असतो, तो प्रेसलाच साखळीने लावून द्यावा."

ही मागणी रास्त आहे. मेंटेनन्सला आजच कळवलं आहे.

शिफ्ट सुपरवायझर, प्रेस शॉप